माईलस्टोन चुकला: क्लायंटला कळवताना ट्रॅकरमधून काय घ्यायचं आणि काय नाही

दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या आमच्या टीममधल्या एका मुलीला मी पहिल्यांदाच क्लायंटला उशिराचा निरोप लिहायला सांगितला. वीस मिनिटांत तिने मसुदा आणला:

"काही तांत्रिक अडचणींमुळे आणि आपल्याकडून आवश्यक माहिती येण्यास विलंब झाल्यामुळे M2 माईलस्टोन थोडा पुढे जात आहे. जवळपास ८० टक्के काम पूर्ण झाले असून टीम दिवसरात्र प्रयत्न करत आहे. लवकरच आपल्याला नवीन तारीख कळवू."

भाषा नीट होती आणि एकही शब्द उद्धट नव्हता. पण यातलं एकही विधान ट्रॅकरमध्ये बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. एक तर सरळ चूक होतं, आणि ते कोणतं हे तिलाही माहीत नव्हतं. हा निरोप आम्ही कसा पुन्हा लिहिला, ते इथे सांगतो. आम्ही जिरा वापरतो, म्हणून पडद्यावरची नावं जिरातली आहेत. दुसरा ट्रॅकर असेल तर नावं बदलतील, पद्धत हीच राहील. क्लायंटची ओळख पटू नये म्हणून तिकिटांचे नंबर बदलले आहेत.

काम काय होतं

क्लायंट म्हणजे भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना. नट, बोल्ट आणि गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्यांच्यासाठी आम्ही हिंजवडीत बसून इनव्हॉइसचं मॉड्यूल करतोय. M2 म्हणजे हे मॉड्यूल त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमना चाचणीसाठी देणं, तारीख ११ जुलै, शुक्रवार. आज मंगळवार, ८ जुलै, आणि ११ ला काम होणार नाही हे स्पष्ट दिसतंय. मॅडमकडे ट्रॅकरचं लॉगिन आहे. ही गोष्ट लिहिताना सतत डोक्यात ठेवायची, कारण आपण जे लिहू ते त्या दोन क्लिकमध्ये पडताळून पाहू शकतात.

आधी मोजणी

पहिलं काम म्हणजे माईलस्टोनमधली सगळी तिकिटं समोर आणणं. शोधाच्या चौकटीत एवढं टाकायचं:

```
fixVersion = "M2" ORDER BY status
```

१४ तिकिटं आली. १० `Done`, एक `In Review`, एक `In Progress`, दोन `To Do`. मसुद्यातले ८० टक्के कुठून आले, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सर, अंदाजे." चौदातले दहा म्हणजे ७१ टक्के होतात. पण तो आकडाही मी लिहू देत नाही. संपलेल्या दहात तीन तिकिटं लेबलं बदलण्याची होती आणि उरलेल्या चारात सगळ्यात मोठं काम आहे. टक्के वाचणाऱ्याला वाटतं की थोडंच राहिलंय. "१४ पैकी १०" असं लिहिलं की तो पुढचा प्रश्न आपोआप विचारतो: राहिलेली चार कोणती?

मोजणीतली एक फट नवख्यांना हमखास दिसत नाही. माईलस्टोनमधून मध्येच बाहेर काढलेलं तिकीट वरच्या शोधात येतच नाही. त्यासाठी वेगळा शोध लागतो:

```
fixVersion WAS "M2" AND (fixVersion != "M2" OR fixVersion IS EMPTY)
```

कंसातला दुसरा भाग गाळला तर ज्यांची `fixVersion` नुसती पुसली गेली ती तिकिटं निसटतात, कारण `!=` रिकाम्या फील्डला धरत नाही. आमच्याकडे एक निघालं, INV-209, क्रेडिट नोटची छपाई. २४ जूनला ते M3 मध्ये गेलं होतं आणि खाली कॉमेंट होती की मॅडमशी बोलून हलवलं. म्हणजे मॅडमच्या डोक्यात आकडा १५ असणार. आपण कारण न देता १४ लिहिलं असतं तर संशयाला जागा राहिली असती.

मग इतिहास. इथे घाई करायची नाही

राहिलेल्या चारांत INV-212 हा खरा अडथळा होता. वस्तूंच्या यादीला एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा, जोडण्याचं ते काम. तिकीट उघडल्यावर नवखे लोक दोनच गोष्टी बघतात, आताचं स्टेटस आणि `Updated` ची तारीख. `Updated` काही सांगत नाही. कोणी कॉमेंटमधलं शुद्धलेखन सुधारलं तरी ती बदलते. खाली `Activity` मध्ये `History` उघडायची, आणि "3 days ago" असं दिसलं तर त्यावर माउस नेऊन नेमकी तारीख-वेळ बघायची. मग कागदावर उतरवायचं. मी खरंच कागदावर उतरवायला लावतो, कारण पडद्यावर कॉमेंट आणि `History` वेगवेगळ्या टॅबमध्ये असतात आणि दोन्हींचा क्रम डोक्यात जुळत नाही.

तिच्या वहीत हे उतरलं:

१६ जून, सोमवार: आम्ही मॅडमकडे एचएसएनचा तक्ता मागितला.
१८ जून, बुधवार, संध्याकाळी ६.१०: मॅडमनी तक्ता जोडला, ४१ ओळी.
२३ जून, सोमवार, सकाळी १०.४०: `In Progress`.
२५ जून, बुधवार, संध्याकाळी ५.२०: `Blocked`. डेव्हलपरची कॉमेंट: ६ ओळींत कोड चारच आकडी आहे.
३० जून, सोमवार, सकाळी ११.०५: मॅडमना टॅग करून प्रश्न विचारला.
४ जुलै, शुक्रवार, संध्याकाळी ६.३०: मॅडमनी सुधारित तक्ता जोडला.
७ जुलै, सोमवार, सकाळी १०.१५: पुन्हा `In Progress`.
७ जुलै, दुपारी ४: डेव्हलपरची कॉमेंट: ओळ २७ अजून चार आकडीच आहे, ९ तारखेपर्यंत हवी. मॅडम टॅग केलेल्या.

चार आकडी कोड का चालत नाही, हे समजल्याशिवाय निरोप लिहिता येणार नाही, म्हणून थोडं विषयांतर करतो. ज्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्याला जीएसटी इनव्हॉइसवर निदान सहा आकडी एचएसएन द्यावा लागतो. आमचा क्लायंट त्यात बसतो. आता 7318 म्हणजे लोखंडी-पोलादी स्क्रू, बोल्ट, नट वगैरे सगळेच. बोल्ट असेल तर 731815 होतो, नट असेल तर 731816. पुढचे दोन आकडे डेव्हलपरने मनाने टाकायचे नसतात. त्यामुळे काम थांबवणं बरोबरच होतं. ही "तांत्रिक अडचण" नव्हती, तक्त्यातली माहिती अपुरी होती, आणि तसंच लिहायचं.

दिवस कोणाच्या खात्यावर

वही समोर ठेवून मी तिला विचारलं, "आपल्याकडून माहिती येण्यास विलंब, असं लिहिलंस. किती दिवसांचा?"

"२५ जून ते ४ जुलै. ब्लॉक होतं ना सर तेव्हा."

मसुद्यातली सरळ चूक ती हीच. तिकीट २५ तारखेला `Blocked` झालं खरं, पण मॅडमना विचारलं ३० ला. गुरुवार आणि शुक्रवार, २६ आणि २७, हे दोन दिवस आमचे होते. डेव्हलपरने अडचण लिहिली, पण कोणालाही टॅग केलं नाही. मॅडमना प्रश्न आहे हेच माहीत नव्हतं. स्टेटसचं नाव `Blocked` असलं की वाट बघतोय असं वाटतं, पण कोणाची, हे स्टेटस सांगत नाही. ते शोधायला प्रश्न ज्या क्षणी समोरच्या माणसापर्यंत पोचला ती नोंद बघावी लागते.

तसंच १८ ते २३ जून. तक्ता १८ ला संध्याकाळी आला, काम २३ ला सुरू झालं. १९ आणि २० हे दोन्ही दिवस आमचेच.

"पण सर, २० तारखेला पालख्या आल्या होत्या पुण्यात. अर्धे लोक पोचलेच नाहीत. ते तर सगळ्यांनाच माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आहे, ट्रॅकरला नाही. त्या दिवशी कोणी "आज काम नाही, रस्ते बंद" अशी ओळ टाकलेली नव्हती. अशा वेळी एक मोह होतो, आता जाऊन जुन्या कॉमेंटमध्ये भर घालायची. ते कधीही करायचं नाही. जिरात कॉमेंट बदलली की ती बदलल्याची खूण राहते, आणि खूण राहिली नसती तरी ती खोटी नोंदच झाली असती. फार गरज वाटली तर आजच्या तारखेने, ज्याला प्रत्यक्ष माहीत आहे त्याने नवी कॉमेंट टाकावी: "२० जूनला मी ऑफिसला पोचू शकलो नाही." मग ती नोंद होते, आणि ती आज टाकलेली आहे हेही दिसतं. इथे गरजच नव्हती. पालखीचं कारण लिहून १९ तारखेचं उत्तर मिळत नव्हतं. आम्ही दोन्ही दिवस मुकाट्याने आमच्या खात्यावर घेतले.

आता मॅडमच्या खात्यावर काय? ३० जून सकाळ ते ४ जुलै संध्याकाळ. इथे आणखी एक स्थानिक गोम आहे. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आमची शनिवार-रविवार. म्हणजे आपण "पाच कामाचे दिवस" लिहिलं तर मॅडम चार मोजणार, कारण ३ जुलै गुरुवार होता. आणि वाद मूळ मुद्द्याऐवजी दिवसांच्या आकड्यावर होणार. म्हणून दिवस मोजून लिहायचेच नाहीत. तारखा लिहायच्या आणि मोजणी वाचणाऱ्यावर सोडायची.

एक सावधगिरी: ट्रॅकरमधल्या काही कॉमेंट फक्त आपल्या टीमला दिसतील अशा मर्यादित केलेल्या असतात. तिथला मजकूर जसाच्या तसा उचलून निरोपात टाकू नका. आमच्या एका कॉमेंटमध्ये तक्त्याबद्दल जे विशेषण होतं ते मी इथेही लिहिणार नाही.

नवी तारीख: आधी ट्रॅकरमध्ये, मग निरोपात

"लवकरच कळवू" हे वाक्य मी कधीच जाऊ देत नाही. पण म्हणून मनाने तारीख ठोकायची असंही नाही. ट्रॅकरमध्ये `Remaining Estimate` असतो आणि तिकिटांमध्ये `is blocked by` चे दुवे असतात. एवढ्यावर हिशेब मांडता येतो.

INV-212 चं दोन दिवसांचं काम राहिलं होतं. INV-218, म्हणजे इनव्हॉइस बाहेर काढण्याचं तिकीट, चार दिवसांचं होतं आणि ते 212 संपल्याशिवाय सुरू होत नाही असा दुवा होता. INV-230, म्हणजे आमची चाचणी, दोन दिवसांची होती आणि 218 वर अडलेली. चौथं, INV-225, तपासणीत होतं आणि बाकीच्यांच्या वाटेत येत नव्हतं. मग आमच्या कामाच्या दिवसांवर मांडलं: 212 साठी ८ आणि ९, 218 साठी १०, ११, १४, १५, चाचणीसाठी १६ आणि १७. म्हणजे १८ जुलै, शुक्रवार.

यात राखीव एकही दिवस नाही, हे तिनेच ओळखलं. "मग २१ लिहू का?" लिहायला हरकत नाही, पण ठरवणारी ती नाही आणि मीही एकटा नाही. डेव्हलपर आणि टेस्टर दोघांना विचारलं, ते १८ वर ठाम राहिले, मग मी ट्रॅकरमध्ये M2 ची तारीख बदलून १८ केली आणि कॉमेंटमध्ये हिशेब लिहिला. त्यानंतरच ती तारीख निरोपात आली. उलट क्रमाने केलं की निरोपात एक तारीख आणि ट्रॅकरमध्ये दुसरी असं होतं, आणि मॅडमसारखी व्यक्ती पहिल्यांदा तेच बघते.

हाच हिशेब मागच्या तारखांना लावून बघायला मी तिला सांगितलं. तेव्हा 212 चे तीन दिवस बाकी होते, म्हणजे एकूण नऊ. २ जुलैला सकाळी मांडला असता तर ११ तारीख गेली हे तेव्हाच दिसलं असतं. आम्ही ८ ला कळवत होतो. हेही निरोपात एका ओळीत मान्य करायचं ठरलं.

अट लपवायची नाही

१८ तारीख एका गोष्टीवर उभी होती: ओळ २७. तो कोड ९ ला, बुधवारी आला तर ठीक. १० ला गुरुवार, कारखाना बंद. म्हणजे बुधवार हुकला की थेट शुक्रवार, ११. मग 218 सुरू होणार १४ ला, आणि M2 जाणार २२ जुलैला. एका ओळीच्या दोन आकड्यांसाठी दोन कामाचे दिवस. हे मॅडमना आधी कळलं तर त्यांना काही करता येतं. नंतर सांगितलं तर ते नुसतं कारण होतं.

निरोप

शेवटी गेला तो असा:

विषय: M2 इनव्हॉइस मॉड्यूल: ११ जुलैऐवजी १८ जुलै

नमस्कार मॅडम,

M2 आपल्याला चाचणीसाठी ११ जुलैला द्यायचं होतं. ते आता १८ जुलैला (शुक्रवारी) देऊ. ट्रॅकरमध्ये तारीख बदलली आहे.

सध्याची स्थिती: १४ पैकी १० तिकिटं पूर्ण आहेत. INV-225 तपासणीत आहे, INV-212 वर काम चालू आहे, INV-218 आणि INV-230 त्यानंतर सुरू होतील. (INV-209 आपल्याशी बोलून २४ जूनला M3 मध्ये हलवलं होतं, ते या १४ मध्ये धरलेलं नाही.)

उशीर INV-212 मध्ये, एचएसएन कोड जोडताना झाला. आपला तक्ता १८ जूनला मिळाला, आम्ही काम २३ जूनला सुरू केलं. ६ ओळींत कोड चार आकडी असल्याचं २५ जूनला आमच्या लक्षात आलं, पण आपल्याला ३० जूनला विचारलं. सुधारित तक्ता ४ जुलैला मिळाला आणि ७ जुलैला काम पुन्हा सुरू झालं. तारीख पुढे जाणार हे आम्ही आपल्याला आधी कळवायला हवं होतं, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्याकडून एकच गोष्ट हवी आहे: सुधारित तक्त्यातल्या ओळ २७ चा सहा आकडी कोड, उद्या बुधवारी, ९ जुलैला. तो शुक्रवारी मिळाला तर M2 २२ जुलैला देता येईल.

यात मॅडमनी उशीर केला असं कुठेही म्हटलेलं नाही आणि केला नाही असंही नाही. ३० जून आणि ४ जुलै या तारखा शेजारी-शेजारी आहेत, त्या पुरेशा आहेत. आमच्या चुका मात्र "पण" घालून सांगितल्या आहेत. तो "पण" तिने स्वतः घातला, मी नाही.

काय गाळलं तेही बघा. "दिवसरात्र प्रयत्न" गेलं, कारण `Work log` मध्ये कोणाचेही आठ तासांपेक्षा जास्त लावलेले नव्हते. "तांत्रिक अडचणी" गेल्या, कारण तसं एकही तिकीट नव्हतं. पालखीही गेली.

पाठवण्याआधी उलटं वाचायचं

मी एक शेवटची तपासणी करायला लावतो. निरोप खालून वर वाचायचा, आणि प्रत्येक तारखेवर आणि आकड्यावर थांबून विचारायचं, ही नोंद कुठल्या तिकिटात, कुठल्या टॅबमध्ये आहे? वरून खाली वाचताना वाक्याचा ओघ आपल्याला पुढे नेतो आणि चूक नजरेतून सुटते. या तपासणीत तिला सापडलं की तिने आधी "६ ओळी चुकीच्या" लिहिलं होतं. कॉमेंटमध्ये "चार आकडी" होतं. चार आकडी कोड चुकीचा नसतो, या क्लायंटला तो अपुरा असतो. शब्द बदलला.

निरोप गेल्यावर तो जसाच्या तसा INV-212 च्या कॉमेंटमध्ये चिकटवायचा. पुढच्या वेळी कोणी विचारलं की १८ तारीख कधी आणि कशावर सांगितली, तर उत्तर ट्रॅकरमध्येच असतं, कोणाच्या मेलबॉक्समध्ये शोधावं लागत नाही.

त्याच कॉमेंटखाली बुधवारी दुपारी साडेचारला मॅडमचं उत्तर आलं: "ओळ २७: 731816. नट आहे."